पटकीत पाणी आतड्यातूनच सुटतं, मग पाजलेलं पाणी अंगात मुरतं कसं?

कोरडी_विहीर

गेल्या पावसाळ्यात मामांना पटकी झाली. गावात पाइपलाइन फुटून गटाराचं पाणी मिसळलं होतं, असं नंतर कळलं. रात्री दहाला पोट बिघडलं आणि पहाटे चारला बघितलं तर डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, हाताची बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. शौचाला तांदळाच्या धुवणासारखं पाणी, ना रंग ना वास. दवाखान्यात मनगटावर नाडीच लागेना, म्हणून आधी सलाइनच्या बाटल्या लागोपाठ चढवल्या. बोलायला लागले तसं डॉक्टरांनी ओआरएसचा जग समोर ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी पाजायला सांगितलं.

खाटेला मध्ये भोक, खाली बादली. आम्ही इकडून पाजतोय आणि तिकडे बादली भरतेय. मामी वैतागून म्हणाली, "भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतताय की काय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी मामांना लघवी झाली आणि नर्सबाई खूश झाल्या, म्हणजे पाणी अंगात गेलं हे नक्की.

माझा प्रश्न एवढाच. ज्या आतड्यातून लिटरच्या लिटर पाणी बाहेर पडतंय, तेच आतडं पाजलेलं पाणी आत कसं घेतं?

सुमनताई

अरे, पटकीचे जंतू आतड्याचं अस्तर खरवडून काढतात. भाजलेल्या जागेतून पाणी झिरपतं ना, तसं ते झिरपत राहतं. साखरेने अंगात ताकद येते आणि मिठाने पाणी धरून ठेवलं जातं. आमच्या वेळी शाळेत आरोग्यसेविका येऊन शिकवून जायच्या.

खारं_पाणी

सुमनताई, मीठ-पाण्याचं म्हणालात त्यात तथ्य आहे, पण खरवडण्याचं चुकलं. ती चूक तुमची एकटीची नाही म्हणा, शंभर वर्षं मोठमोठे डॉक्टर तेच मानत होते. पटकीने मेलेल्यांचं आतडं उघडलं की अस्तर सुटलेलं दिसायचं. ते मेल्यानंतर सुटलेलं असायचं. १९६० च्या सुमारास बँकॉकमध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून पाहिले, तर अस्तर जागच्या जागी, जवळपास धडधाकट. मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आतडं जखमी झालेलं नसतं, त्याला चुकीचा हुकूम मिळालेला असतो.

मी निवृत्त फिजिशियन आहे. तरुणपणी तीन वर्षं कोलकात्यात पटकीच्या वॉर्डात काढली, त्यामुळे हा विषय निघाला की मी लांबण लावतो. आधीच माफी मागून ठेवतो.

जंतू पेशीत शिरत नाही. तो आतड्याच्या भिंतीला चिकटून एक विष सोडतो. हे १९५९ मध्ये शंभूनाथ डे यांनी कोलकात्यातच दाखवलं. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी सोडलं. जंतू एकही नाही, तरी तो तुकडा फुग्यासारखा पाण्याने टम्म भरला. म्हणजे करामत जंतूच्या अंगाची नव्हे, त्याने सोडलेल्या मालाची.

त्या विषाचे सहा तुकडे असतात. पाच तुकड्यांचं कडं पेशीच्या बाहेरच्या एका साखरयुक्त स्निग्ध रेणूला पकडतं. मग पेशी ते सगळं स्वतःच आत ओढून घेते आणि माल बाहेर पाठवायच्या तिच्या रस्त्यावरून ते उलटं आतवर जातं. तिथे सहावा तुकडा सुटतो आणि पेशीतल्या एका खटक्यावर रासायनिक चिकटपट्टी लावतो. हा खटका एरवी चालू झाला की थोड्याच वेळात आपोआप बंद होतो. पट्टी लागल्यावर त्याला बंद होताच येत नाही. त्यामुळे सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या पेशीत साठत जातो, आणि त्याचा निरोप एकच, क्लोराइडचं दार उघडा. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत धावतं, त्याच्यामागे पेशींच्या फटींतून सोडियम, आणि मीठ गेलं की पाणी जातंच. वर हाच निरोप मीठ आत घेण्याचं नेहमीचं दारही बंद करतो.

गणित_कच्चं

डॉक्टर, मग तर प्रश्न आणखी अवघड झाला की! मीठ आत घ्यायचं दार बंद आहे म्हणताय आणि मिठाचंच पाणी पाजताय?

खारं_पाणी

बरोबर बोट ठेवलंत. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते खरंच बादलीत जातं. असे प्रयोग झालेले आहेत.

पण आतड्यात सोडियम आत घ्यायची वाट एकच नाही. अन्नातलं ग्लुकोज उचलणारा एक वाहक पेशीच्या आतड्याकडच्या तोंडाशी बसलेला असतो. त्याची अट अशी की ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन, सगळे एकत्र आले तरच आत सोडणार. एकट्याला प्रवेश नाही. आणि त्या निरोप्याचं या वाहकावर काहीच चालत नाही. विषाने नेहमीचं दार लावलं, पण हे दुसरं त्याच्या हाताबाहेर राहिलं. ग्लुकोज दिलं की सोडियम त्याच्यासोबत जातं आणि दोघांच्या ओढीने पाणी जातं. ग्लुकोज आणि सोडियमची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागला मांडली, तेव्हा पटकी त्यांच्या डोक्यातही नव्हती.

म्हणून सुमनताई, साखर इथे ताकदीसाठी नाही. ती मिठाला हाताला धरून आत नेते.

मामीच्या हंड्याचं म्हणाल तर, धडधाकट माणसाच्या आतड्यातही रोज आठ-नऊ लिटर पाणी येतं. थोडं पिण्यातून, बाकी लाळ, जठर, स्वादुपिंड, पित्त आणि आतड्याच्या रसांतून. त्यातलं जेमतेम पेलाभर बाहेर जातं, बाकी सगळं परत शोषलं जातं. म्हणजे हंड्याला येणारं आणि जाणारं तोंड पहिल्यापासूनच आहे. विषाने येण्याचा नळ मोठा केला. तो आपल्याला बंद करता येत नाही, म्हणून आपण पाणी परत अंगात जाण्याचा नळ मोठा करतो.

धावता_धोटा

मी दर रविवारी वीस किलोमीटर धावतो. धावून आलो की ओआरएस लिहिलेला टेट्रापॅक पितो, संत्र्याच्या चवीचा. मलाही तेच दार लागू होतं का? की नुसतं पाणी पुरे?

गणित_कच्चं

अहो, इथे पटकीवर चाललंय!

खारं_पाणी

असू दे, उपयोगाचा प्रश्न आहे. दार तेच आहे, पण तुमचा टेट्रापॅक बहुधा ओआरएस नव्हताच. त्यातल्या कितीतरी पेयांत साखर सूत्राच्या कित्येक पट असायची आणि मीठ नावापुरतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने अशा पेयांवर ओआरएस शब्द छापायला बंदी केली. धावून आलेला माणूस गोड पाणी पचवतो, पण जुलाब चालू असलेल्याला ते घातक. वाहक सोडियमची वाट बघत बसतो, साखर आतड्यात पडून राहते आणि उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते. कोल्ड्रिंकचंही तेच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे पटकीत एकट्या शहाळ्यावर भागत नाही.

आरोहीची_आई

मग माझं चुकलंच की काय! मुलगी दीड वर्षाची असताना जुलाब लागले होते. ती पितच नव्हती, म्हणून मी लिटरवाली पुडी एकाच पेल्यात घट्ट करून चमच्या-चमच्याने दिली. थोड्यात जास्त पोटात जाईल असं वाटलं. नंतर ती फार चिडचिडी झाली, सारखी तहान तहान. डॉक्टर खूप रागावले.

खारं_पाणी

ताई, त्यांनी रागवायलाच हवं होतं. लिटरची पुडी पेल्यात केली तर मीठ पाचपट होतं. रक्तात सोडियम चढतं. बाळ आधी चिडचिडं आणि तहानलेलं होतं, मग सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात. बाजारात दोन मापांच्या पुड्या मिळतात, लिटरची आणि २०० मिलीची, आणि घोटाळा तिथेच होतो. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी, आणि आख्खी पुडी एकदम. निम्मी निम्मी करायची नाही, कारण पुडीत मीठ आणि साखर सारखी मिसळलेली असेलच असं नाही.

घट्ट म्हणजे चांगलं, हा समज डॉक्टरांच्यातही होता. जागतिक आरोग्य संघटनेचं जुनं सूत्र ३११ ऑस्मोलॅरिटीचं होतं, रक्तापेक्षा थोडं घट्ट. २००२ मध्ये ते २४५ वर आणलं, रक्तापेक्षा पातळ. आता एका लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. गंमत अशी की यात सोडियम आणि ग्लुकोजचे रेणू बरोबरीने येतात, दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल. पातळ केल्यावर मुलांच्या साध्या जुलाबात शौचाचं प्रमाण कमी झालं आणि सलाइनची गरजही घटली.

पटकीच्या मोठ्या माणसाबाबत मात्र माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे नवं सूत्र पुरतं पटलेलं नाही. मोठ्या माणसाच्या पटकीच्या पाण्यात सोडियम लिटरला १३० मिलिमोलच्या आसपास जातं आणि आपण परत देतो ७५. रक्तातलं सोडियम थोडं उतरतं, बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही आणि जेवण सुरू झालं की भरून निघतं. तरी वॉर्डात यावर वाद व्हायचेच.

कोरडी_विहीर

डॉक्टर, दार समजलं. पण मामांना किती पाजायचं हे त्यांनी कसं ठरवलं असेल? नर्सबाई बादलीवर खुणा करायच्या आणि दर चार तासांनी वहीत काहीतरी लिहायच्या.

खारं_पाणी

वजन किती मामांचं?

कोरडी_विहीर

साठ किलोच्या आसपास.

खारं_पाणी

मग हिशोब असा असणार. नाडी न लागणं, आवाज बसणं, बोटं सुरकुतणं म्हणजे वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त पाणी गेलेलं. साठ किलोला सहा लिटर. अशा वेळी तोंडाने पाजत बसायचं नसतं. रक्तदाब पडलेला असतो, माणूस ग्लानीत असतो, ठसका लागून पाणी फुप्फुसात जायची भीती. शिरेतून रिंगर लॅक्टेट द्यायचं, किलोला १०० मिली. त्यातलं किलोला ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात, म्हणजे मामांना १८०० मिली. उरलेलं ४२०० पुढच्या अडीच तासांत. त्या तीन तासांत जवळपास बारा बाटल्या गेल्या असतील, आठवतंय का बघा.

जरा कमी सुकलेला असता, म्हणजे डोळे खोल आणि खूप तहान, पण नाडी ठीक आणि शुद्धीत, तर सलाइन लागलंच नसतं. किलोला ७५ मिली ओआरएस चार तासांत. साठ किलोला साडेचार लिटर, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी सव्वा ग्लासाहून थोडं जास्त, साधारण २८० मिली. ऐकायला प्रचंड वाटतं, पण पटकीचा माणूस ते पितो. तहानच तशी असते. तहान भागली की तो आपणच पेला बाजूला सारतो.

नंतर वही. चार तासांत बादलीत २.४ लिटर आलं तर पुढच्या चार तासांत तेवढंच पाजायचं, दर पंधरा मिनिटांनी १५० मिली. बादली हे मोजायचं माप आहे, उपचार फसल्याची खूण नाही. नातेवाईक नेमके इथे चुकतात. ओआरएसने पहिल्या दिवशी जुलाब कमी होत नाहीत. बादली भरतेय म्हणून पाजणं थांबवलं की माणूस हातचा जातो. बघायचं ते असं, नाडी भरली का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसते का, आणि लघवी झाली का. तुमच्या नर्सबाई लघवीला हसल्या त्या उगाच नाही.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्याने, सावकाश.

पंढरीनाथ_जोशी

सगळं ठीक, पण जुलाब बंद करायची गोळी का देत नाहीत? प्रवासात मी कायम जवळ ठेवतो, तासाभरात काम तमाम. आणि अँटिबायोटिक दिलं की जंतू मेले, मग ही सगळी बादली-वही कशाला?

खारं_पाणी

पंढरीनाथराव, ती गोळी आतड्याची हालचाल मंदावते. पटकीत दोष हालचालीचा नाही. पाणी सुटायचं ते सुटतंच, फक्त बाहेर न पडता आत साठतं. पोट फुगतं, बादली रिकामी दिसते आणि आपल्याला वाटतं बरं वाटलं. पटकीत ती द्यायची नाही.

अँटिबायोटिकचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गंभीर रुग्णाला आम्ही द्यायचो, मोठ्यांना डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस. त्याने पाण्याचं एकूण प्रमाण जवळपास निम्मं होतं आणि दिवसही कमी लागतात. पण जंतू मेला तरी ज्या खटक्यांवर पट्टी आधीच लागली आहे ते चालूच राहतात. आतड्याच्या त्या पेशी झडून नव्या येईपर्यंत, म्हणजे काही दिवस, पाणी येत राहतं. माणूस मरतो तो पहिल्या काही तासांत, पाण्यावाचून. तेवढे तास त्याला पाण्याने धरून ठेवलं की आतडं आपल्या गतीने सुधारतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा १९७१ चा. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगावला पटकी पेटली. सलाइन संपत आलं. दिलीप महालनबिस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून नातेवाइकांच्या हातात पेले दिले. तीन वर्षांपूर्वीच ढाक्यात नॅलिन आणि कॅश यांनी हे वॉर्डात करून दाखवलं होतं, पण प्रशिक्षित हात आणि मोजमापाशिवाय चालेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. तिथे मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. पेला देणारे हात आई, भाऊ, शेजारी यांचे होते.

सुमनताई

डॉक्टर, मग पुडी नसेल तर? आमची आजी पटकीला महामारीच म्हणायची. गावाबाहेर मरीआईचं देऊळ होतं तिथे नैवेद्य जायचा. पण घरात ती मीठ घालून तांदळाची पेज पाजायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, जुलाबात पाणी बंद करा, पोट कोरडं ठेवा. आजी ऐकायची नाही.

खारं_पाणी

आजींना माझा नमस्कार सांगा. पोट कोरडं ठेवा म्हणून गेलेले जीव मोजवणार नाहीत.

पेजेत खरंच शास्त्र आहे. तांदळाचा स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेली माळ. आतड्यात ती हळूहळू तुटते आणि मणी लागतील तसे वाहकाला मिळत जातात. मणी सुटे असते तर पाणी ओढत बसले असते, माळेत असताना नाही. म्हणून तांदळाच्या ओआरएसने पटकीत शौचाचं प्रमाण ग्लुकोजच्या ओआरएसपेक्षा कमी होतं, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. अट एकच, मीठ मोजून. घरची पेज कधी अळणी, कधी खारट, आणि तिच्यात पोटॅशियम-सायट्रेट नसतं. पुडी येईपर्यंतचा आधार म्हणून उत्तम.

साखर-मिठाचं पाणी करायचं तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर ग्लुकोजपेक्षा जास्त लागते, कारण साखरेचा रेणू अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. फ्रुक्टोज आपल्या वेगळ्या वाटेने जातं, सोडियमला सोबत घेत नाही. चव घेऊन बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.

आरोहीची_आई

आणि ओआरएस चालतच नाही असं कधी होतं का?

खारं_पाणी

होतं. तासाला किलोमागे पंधरा मिलीच्या वर पाणी जायला लागलं तर पिणं पुरं पडत नाही, परत सलाइन. काही थोड्यांचं आतडं त्या दिवसांत ग्लुकोजच नीट घेत नाही. पाजलं की जुलाब एकदम वाढतात, थांबवलं की कमी होतात, आणि शौचात ग्लुकोज सापडतं. अशांना काही काळ शिरेतूनच द्यावं लागतं.

गणित_कच्चं

एक ऐकीव गोष्ट विचारतो. ओ रक्तगटाच्या लोकांना पटकी जोरात होते म्हणतात. थोतांड की खरं?

खारं_पाणी

थोतांड नाही. ओ गटाला लागण जास्त होते असं नाही, पण झाली तर गंभीर होण्याची शक्यता जास्त, हे बंगालमध्ये बऱ्याचदा दिसलंय. कारण काय यावर अजून वाद आहे. विषाचं कडं रक्तगटाच्या साखरांनाही थोडंफार चिकटतं, असं एक म्हणणं आहे.

कोरडी_विहीर

मामांना फोन केला. रक्तगट ओ पॉझिटिव्ह! पण मामीचाही ओच आहे. तिनेही तेच पाणी प्यायलं, त्याच माठातलं, आणि तिला साधं पोटसुद्धा दुखलं नाही.

बाटल्यांचं विचारलं, तर मामी म्हणाली अकरा. बारावी अर्धी राहिली होती, ती नर्सबाईंनी काढून घेतली, हे तिला अजून लक्षात आहे.

खारं_पाणी

मामा पित्ताची गोळी घेतात का रोज? पटकीचे जंतू जठरातल्या आम्लात लाखांनी मरतात. आम्ल कमी असलं की थोडे जंतूही पुरतात.

कोरडी_विहीर

घेतात. सात-आठ वर्षं, सकाळी उपाशीपोटी. मामी घेत नाही.

पंढरीनाथ_जोशी

मीपण घेतो. आणि माझाही ओ.

खारं_पाणी

पंढरीनाथराव, गोळी मनाने बंद करू नका, ती कशासाठी दिली होती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात मात्र पाणी उकळून प्या. मामांच्या बाबतीत नक्की तेच कारण होतं असं मी म्हणणार नाही. मामीने त्या दिवशी माठातलं किती पाणी प्यायलं होतं, ते विचारलंत का?